अनुवादकाचा रेझ्युमे लिहिण्याआधी इन्व्हॉइस काढून बसा

मी स्वतः इंग्रजी-मराठी अनुवाद करतो. मध्यंतरी दोन वर्षं एका अनुवाद-कंपनीत नव्या अनुवादकांचे रेझ्युमे वाचायचं कामही केलं. त्या खुर्चीत बसल्यावर एक गोष्ट कळली. रेझ्युमे वाचणारा माणूस तुमची कहाणी वाचत नसतो, तो एक फॉर्म भरत असतो. कोणत्या भाषेतून, कोणत्या भाषेत, मातृभाषा कोणती, विषय कोणते, आजवर किती शब्द, दिवसाला किती, कोणतं सॉफ्टवेअर, कोणतं प्रमाणपत्र. ज्या रेझ्युमेवरून हे रकाने न अडखळता भरता येतात, त्या माणसाला टेस्ट जाते. बाकीचे 'नंतर बघू' या फोल्डरमध्ये पडतात आणि तो फोल्डर पुन्हा कोणी उघडत नाही.

हे रकाने भरायचे तर आधी स्वतःचा हिशेब माहीत हवा. तो बहुतेकांना नसतो. त्यामुळे टेम्प्लेट शोधायच्या आधी एक्सेल उघडायची.

साताऱ्याच्या एका मुलीचंच उदाहरण घेतो. मायक्रोबायॉलॉजीत बी.एस्सी., तीन वर्षं अनुवाद करणारी. तिने मला रेझ्युमे दाखवला तेव्हा वर ठळक अक्षरांत होतं: '10 लाखांहून अधिक शब्दांचा अनुभव. मेडिकल, लीगल, आयटी, मार्केटिंग, साहित्य. इंग्रजी, हिंदी, मराठी.' खोटं त्यात काही नव्हतं, पण उपयोगाचंही काही नव्हतं. आम्ही एक रविवार घालवून तिची सगळी इन्व्हॉइसं आणि पर्चेस ऑर्डरी काढल्या.

पहिलं काम: हिशेबाची वही

एक्सेलमध्ये एका कामाला एक ओळ. रकाने सात: महिना, ग्राहक (स्वतःला कळेल असं टोपणनाव पुरे), भाषाजोडी, विषय, कामाचा प्रकार, मूळ मजकुराचे शब्द, आणि पैसे किती शब्दांचे मिळाले.

शेवटचे दोन रकाने वेगळे का, हे नवीन लोकांना कळत नाही. अनुवादाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी केलेली वाक्यं साठवलेली असतात. त्याला मेमरी म्हणतात. तेच वाक्य पुन्हा आलं तर त्याचे पैसे कमी मिळतात, किंवा मिळतच नाहीत. त्यामुळे 10,000 शब्दांच्या फाइलचं बिल 6,000 शब्दांचंही होऊ शकतं. रेझ्युमेत कोणता आकडा द्यायचा? मूळ मजकुराचाच द्या, पण पुनरावृत्तीची वाक्यं वगळून. जी वाक्यं तुम्ही हाताळलीच नाहीत, ती मोजू नका.

'मूळ मजकुराचे शब्द' यावर मी अडून बसतो, त्यालाही कारण आहे. 'द डॉक्टर विल टेल यू अबाउट द रिस्क्स ऑफ द स्टडी' हे इंग्रजी वाक्य 11 शब्दांचं आहे. मराठीत 'डॉक्टर तुम्हाला अभ्यासातील धोक्यांबद्दल सांगतील', म्हणजे पाच. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, 'द' आणि 'ऑफ' आपल्याकडे नाहीतच. प्रत्येक वाक्यात फरक एवढा पडत नाही, पण मराठीचे शब्द मोजले तर तुमचं काम कागदावर बरंच कमी दिसतं. उलट मराठीतून इंग्रजीत काम केलं तर मूळचे शब्द कमी आणि तयार मजकुराचे जास्त. म्हणून आकड्यापुढे 'मूळ शब्द' असं लिहायचं. त्या दोन शब्दांवरूनच वाचणाऱ्याला कळतं की समोरचा धंद्यातला आहे.

साताऱ्याच्या मुलीचा हिशेब जून 2021 ते मे 2024 चा होता आणि एकूण बेरीज 11,40,000 आली. म्हणजे तिचं '10 लाखांहून अधिक' खरंच होतं. मग कामाच्या प्रकाराने वाटणी केली. अनुवाद 4,10,000. दुसऱ्याने केलेल्या अनुवादाची तपासणी 2,60,000. मशीनच्या अनुवादाची दुरुस्ती, म्हणजे पोस्ट-एडिटिंग, 3,20,000. बॅक-ट्रान्सलेशन, म्हणजे मराठीतून परत इंग्रजीत, 90,000. उरलेले 60,000 पुनरावृत्तीचे, ते काढून टाकले.

ती थोडी हिरमुसली. दहा लाखांवरून चारावर आलो, म्हणाली. मी तिला वाचणाऱ्याच्या डोक्यातलं गणित सांगितलं. नवा मजकूर अनुवाद करणारा माणूस दिवसाला साधारण 2,000 ते 2,500 मूळ शब्द करतो. कोणी लिहितो, 'दोन वर्षांत 50 लाख शब्दांचा अनुवाद'. 50 लाखांना 2,000 ने भागा: 2,500 दिवस. एकही रविवार न घेता सहा वर्षांहून जास्त. असा आकडा दिसला की वाचणारा पुढचंही काही खरं धरत नाही. तिचे 4,10,000 म्हणजे 205 दिवस. त्यात तपासणी, पोस्ट-एडिटिंग आणि बॅक-ट्रान्सलेशनचे दिवस धरले तर तीन वर्षांत सहज बसतात, पहिलं वर्ष ती लॅबची नोकरी सांभाळून रात्री काम करत होती तरीही.

शेवटी रेझ्युमेत ओळ अशी गेली. (रेझ्युमे इंग्रजीतच पाठवला, इथे मराठीत देतो.) 'जून 2021 ते मे 2024, मूळ शब्दांत: अनुवाद 4.1 लाख, तपासणी 2.6 लाख, पोस्ट-एडिटिंग 3.2 लाख, बॅक-ट्रान्सलेशन 0.9 लाख. रोजची क्षमता: नवा अनुवाद 2,000 शब्द.' परदेशी कंपनीला पाठवताना लाखाचं हजारांत करायचं, म्हणजे 410,000 असं. 4,10,000 हा आपला स्वल्पविराम तिकडच्या डोळ्याला टायपिंगची चूक वाटतो.

भाषाजोडी: बाण कुठल्या दिशेचा

'इंग्रजी, हिंदी, मराठी' ही भाषाजोडी नव्हे, शाळेच्या दाखल्यावरची यादी झाली. जोडीला दिशा असते. `EN>MR` म्हणजे इंग्रजीतून मराठीत. `MR>EN` हे वेगळं काम, वेगळा दर आणि बऱ्याचदा वेगळा माणूस. साधारण रीत अशी की मातृभाषेत अनुवाद करायचा, त्यामुळे मातृभाषा कोणती हे नावाखालीच लिहा. दोन्ही दिशांनी काम करत असाल तर प्रत्येक दिशेचे शब्द वेगळे द्या. 

तीन भाषा येतात म्हणून सहा जोड्या लिहिणारे पुष्कळ भेटतात. तिच्याही हिशेबात हिंदीतून मराठीत एकच काम निघालं, 4,000 शब्दांचं, ओळखीतून आलेलं. ते आम्ही काढून टाकलं. एक कमकुवत जोडी भक्कम जोडीलाही खाली ओढते, कारण टेस्ट नेमकी त्याच जोडीची आली तर तुमचं नाव नापास म्हणून नोंदलं जातं.

गोव्यातल्या मित्रांसाठी एक टीप. नुसतं 'कोंकणी' लिहून भागत नाही, लिपी लिहा. देवनागरी कोंकणी आणि रोमी कोंकणी ही ग्राहकाच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत.

विषय: दोनच लिहा, पण आतपर्यंत

रेझ्युमेत माणूस सगळ्यात जास्त इथेच फसतो. 'मेडिकल' या शब्दात औषधाच्या खोक्यातलं पत्रक येतं, हॉस्पिटलची जाहिरात येते, एमआरआय मशीनची पुस्तिका येते आणि औषधचाचणीत भाग घेणाऱ्याचं संमतीपत्रही येतं. या चौघांचा अनुवादक एकच असेल असं नाही.

तिच्या 4,10,000 शब्दांची विषयवार फोड केली. औषधचाचण्यांची कागदपत्रं 2,30,000, हॉस्पिटलची रुग्णांसाठीची माहिती 70,000, खरेदीच्या ॲपचा मजकूर 80,000, आणि विवाहनोंदणीचे दाखले, प्रतिज्ञापत्रं, शाळेची कागदं असं किरकोळ 30,000. आता बघा: 'लीगल' म्हणजे काय होतं तर सहा-सात प्रतिज्ञापत्रं. 'साहित्य' म्हणजे एका दिवाळी अंकातली अनुवादित कथा. दोन्ही गेले. उरले दोन विषय, औषधचाचण्या आणि ॲप. पहिला इतका भक्कम की रेझ्युमेचं शीर्षकच त्यावरून ठरलं: 'इंग्रजी-मराठी अनुवादक, औषधचाचण्या आणि रुग्णांसाठीचा मजकूर'.

विषयाखाली कागदपत्रांचे प्रकार लिहायचे. तिने लिहिले: रुग्ण माहितीपत्रक आणि संमतीपत्र, रुग्णाने भरायच्या प्रश्नावल्या, रुग्णाची डायरी, चाचणीत सहभागी व्हा असं सांगणारी पत्रकं. हे वाचताच त्या क्षेत्रातला माणूस ओळखतो की हिला ही कागदं माहीत आहेत. संमतीपत्र एथिक्स कमिटीपुढे जातं आणि ते खेड्यातल्या रुग्णाला वाचून कळावं लागतं. तिथे 'प्रतिकूल परिणाम'पेक्षा 'त्रास' हा शब्द कधी चालेल, कधी चालणार नाही, हे ज्याला कळतं तोच तिथे टिकतो. तिने लहानशा कंसात भर घातली: 'दोन प्रश्नावल्यांसाठी रुग्णांच्या मुलाखतींत सहभाग'. म्हणजे काय, तर अनुवादित प्रश्नावली चार-पाच रुग्णांपुढे ठेवून त्यांना प्रश्न काय समजला ते विचारणं. अशा कामाचा अनुभव फार थोड्यांकडे असतो. तिने तो पहिल्या रेझ्युमेत लिहिलाच नव्हता, कारण त्यात 'शब्द' नव्हते!

इथे एक सापळा आहे. तिने आधीच्या मसुद्यात लिहिलं होतं, 'संमतीपत्रांचा अनुवाद आणि बॅक-ट्रान्सलेशन.' वाचणाऱ्याला वाटेल की एकाच कागदाचं दोन्ही हिनेच केलं. बॅक-ट्रान्सलेशनचा सगळा अर्थच हा की ते दुसऱ्या माणसाने, मूळ इंग्रजी न बघता करायचं, म्हणजे मराठीत काय निसटलं ते उघडं पडतं. म्हणून दोन ओळी वेगळ्या केल्या आणि दुसरीत 'वेगळ्या प्रकल्पांसाठी, मूळ न पाहता' असं घातलं.

ग्राहकांची नावं? गुप्ततेचा करार केला असेल तर लिहायची नाहीत. 'औषधचाचण्या चालवणारी एक अमेरिकी कंपनी, एका भारतीय अनुवाद-कंपनीमार्फत' एवढं पुरतं. औषधाचं नाव, चाचणीचा क्रमांक, आजाराचा विशिष्ट टप्पा यातलं काही नको. आजाराचा वर्ग मात्र चालतो: मधुमेह, कर्करोग, दमा. नावं फेकणाऱ्या अनुवादकाबद्दल वाचणारा पहिल्यांदा हाच विचार करतो की उद्या हा आमचंही नाव असंच दुसरीकडे लिहील.

सॉफ्टवेअर: आहे, वापरलंय, की ऐकलंय?

मायक्रोसॉफ्ट वर्ड लिहू नका, ते गृहीत असतं. इथे विचारतात ती अनुवादाची सॉफ्टवेअरं: ट्रॅडॉस स्टुडिओ, मेमोक्यू, फ्रेझ (जुन्या लोकांच्या तोंडी अजून मेमसोर्स), एक्सटीएम, वर्डफास्ट, आणि फुकट मिळणारं ओमेगाटी. तपासणीसाठी एक्सबेंच.

प्रत्येकापुढे खरी स्थिती लिहा. लायसन्स माझं स्वतःचं आहे, की ग्राहकाने दिलेल्या लॉगिनवर काम केलंय? फ्रेझसारखं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं आणि कंपनी लॉगिन देते, त्यामुळे लायसन्स नसणं हा दोष नाही. पण ट्रॅडॉस लिहिलं आणि उद्या `.sdlppx` पॅकेज आलं तर ते उघडून, काम करून, `.sdlrpx` परत पाठवता यायला हवं. आम्ही फोनवर हाच एक प्रश्न विचारायचो. ज्याने खरंच काम केलंय तो दोन वाक्यांत सांगायचा. ज्याने फक्त व्हिडिओ बघितलाय तो 'मग सेव्ह करून मेलला जोडतो' असं म्हणायचा.

तिने लिहिलं: 'ट्रॅडॉस स्टुडिओ (स्वतःचं लायसन्स, 2022 पासून), फ्रेझ आणि एक्सटीएम (ग्राहकाच्या लॉगिनवर), एक्सबेंच.' एवढंच. टायपिंगबद्दल एक ओळ मात्र मराठीवाल्यांनी जरूर घालावी: 'युनिकोड, इनस्क्रिप्ट कीबोर्ड'. अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवणारे आहेत आणि ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडली की नुसता कचरा दिसतो. श्री-लिपीत छपाईचं काम करत असाल तर ते डीटीपी म्हणून वेगळं लिहा, ते वेगळं कसब आहे.

प्रमाणपत्रं: कागद नेमकं काय सांगतो

मराठीत अनुवादकाचं असं एकच सर्वमान्य प्रमाणपत्र नाही की ते दाखवलं आणि काम झालं. म्हणून लोक मिळेल ते लिहितात. त्यातल्या तीन चुका मला नेहमी दिसायच्या.

पहिली, 'आयएसओ 17100 प्रमाणित अनुवादक'. हे मानक अनुवाद-सेवेसाठी आहे, प्रमाणपत्र कंपनीला मिळतं. पण त्याचा तुमच्याशी संबंध आहे. 2015 च्या त्या मानकात अनुवादकाला तीन वाटा दिल्या आहेत: अनुवादाची पदवी, किंवा दुसऱ्या विषयातली पदवी आणि दोन वर्षं पूर्णवेळ अनुवाद, किंवा पाच वर्षं पूर्णवेळ अनुवाद. कंपनीला ऑडिटमध्ये हे दाखवावं लागतं. म्हणून तिने 'तीन वर्षांचा अनुभव' खोडून लिहिलं, 'जून 2021 ते मे 2022 अर्धवेळ, जून 2022 पासून पूर्णवेळ'. बी.एस्सी. अधिक दोन वर्षं पूर्णवेळ, दुसरी वाट पूर्ण. कंपनीला डोकं खाजवावं लागत नाही.

दुसरी, 'नाटी सर्टिफाइड'. नाटी ही ऑस्ट्रेलियात अनुवादक-दुभाष्यांना मान्यता देणारी संस्था. तिकडे जायच्या तयारीत मराठीतून नाटीची सीसीएल परीक्षा देणारे आपल्यात बरेच आहेत. ती परीक्षा व्हिसाच्या गुणांसाठी आहे, तिने व्यावसायिक अनुवादक किंवा दुभाषी म्हणून मान्यता मिळत नाही. लिहायचंच तर 'नाटी सीसीएल, मराठी' असं पूर्ण लिहा. 'सर्टिफाइड' लिहिलंत आणि वाचणारा ऑस्ट्रेलियातला निघाला, तर तिथेच संपलं.

तिसरी, भाषेची परीक्षा आणि अनुवादाचं शिक्षण यांची सरमिसळ. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकणारे खूप. जेएलपीटी एन2 किंवा गोएथेचं बी2 म्हणजे भाषा किती येते याचा दाखला, आणि तो लिहायलाच हवा, स्तर आणि वर्षासकट. पण तो 'भाषा' या मथळ्याखाली. अनुवादाची पदविका असेल तर ती 'शिक्षण' खाली. संस्थेचं सभासदत्व असेल तर 'सभासद' म्हणूनच, ते प्रमाणपत्र नव्हे.

दुभाष्याचा रेझ्युमे वेगळा

दोन्ही कामं करत असाल तर दोन रेझ्युमे करा. दुभाष्याचं काम शब्दांत मोजतच नाहीत. तिथे दिवस, तास आणि प्रसंग लागतात. बोलणारा थांबला की मग सांगायचं, का तो बोलत असतानाच बूथमधून, का एकाच माणसाच्या कानाशी हळू आवाजात, का व्हिडिओ कॉलवर, हे लिहा. मग जागा: कारखाना, कोर्ट, दवाखाना, परिषद. आणि दिशा, कारण दुभाष्याला बहुधा दोन्हीकडे बोलावं लागतं.

'जपानी-मराठी, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात 45 दिवस, यंत्रउभारणी आणि कामगारांचं प्रशिक्षण, थांबून-थांबून' ही ओळ 'जपानीवर प्रभुत्व'पेक्षा कितीतरी जास्त बोलते. जेएलपीटीत बोलण्याची परीक्षाच नसते, त्यामुळे एन1 असला तरी हे 45 दिवसच तुमचा पुरावा. आणि कोणी लिहिलं की परिषदेत दिवसभर बूथमध्ये एकट्याने केलं, तर जाणकाराच्या भुवया वर जातात. बूथमध्ये दोघं असतात आणि वीस ते तीस मिनिटांनी बदलतात. तेव्हा 'जोडीने' हा शब्द लिहायला लाजू नका.

पाठवण्याआधी दहा मिनिटं

एका पानात बसवा, फार तर दीड. दर रेझ्युमेत नको, मेलमध्ये द्या. दर बदलतो आणि जुना रेझ्युमे कोणाकडे किती वर्षं पडून राहील सांगता येत नाही. पाठवताना पीडीएफ, आणि फाइलचं नाव `Resume_final2.pdf` असं नको. `EN-MR_Medical_` आणि पुढे तुमचं आडनाव, म्हणजे शंभर फाइलींतूनही सापडते.

रेझ्युमेत कुठे देवनागरी मजकूर असेल, नमुना वाक्य किंवा पुस्तकाचं नाव, तर पीडीएफ उघडून तो मजकूर कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. 'चाचणी'चं 'चाचण ी' झालं, जोडाक्षरं फुटली किंवा रोमन अक्षरांचा चिवडा आला, तर फॉन्ट किंवा पीडीएफ बनवण्याची पद्धत बदला. अनुवादकाच्या स्वतःच्या कागदात मराठी फुटलेली दिसली तर वरचे सगळे आकडे वाया.

आधार, पॅन, जन्मतारीख, घरचा पत्ता यातलं काही घालू नका. गाव आणि वेळेचा पट्टा पुरे. अनुवादकांचे रेझ्युमे चोरून, त्यातला ईमेल बदलून, त्याच नावावर काम मिळवणारी माणसं आहेत. काम ते मशीनमधून काढून देतात आणि बदनाम होतो तो ज्याचं नाव वापरलं तो. म्हणून रेझ्युमेच्या तळाशी साताऱ्याच्या मुलीने एक ओळ घातली आहे: 'माझा ईमेल हा एकच आहे; दुसऱ्या पत्त्यावरून माझ्या नावाने मेल आल्यास कृपया मला फोन करा.' आणि ती एक्सेल दर महिन्याच्या शेवटी, इन्व्हॉइस पाठवायच्या दिवशीच भरते.